दोन लाख दहा हजारांतले पासष्ट हजार : अमेरिकेच्या रहिवास दाखल्याचं एक सोलापुरी प्रकरण

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात काकू मुलाच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या, खात्याचं पासबुक घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी पासबुक उघडून एका नोंदीवर बोट ठेवलं. "तिमाहीला दोन लाख दहा हजार व्याज येणार म्हणाले होते बँकेतले. हे बघा, एक लाख चव्वेचाळीस हजार चारशे ऐंशीच आलेत. बाकीचे गेले कुठे?"

गेले नव्हते, प्राप्तिकर खात्यात जमा झाले होते. ६५,५२० रुपये टीडीएस, म्हणजे सरळ ३१.२ टक्के.

काकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींचा छोटा कारखाना होता. ते गेल्यावर माग बंद पडले आणि शेवटी शेड विकली. मुलगा नोकरीनिमित्त नऊ वर्षं टेक्सासात, एच-वन-बी व्हिसावर. त्याच्या वाट्याचे १ कोटी २० लाख मार्च २०२४ मध्ये इथल्या एका बँकेत त्याच्या एनआरओ खात्यातून ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले, दर तिमाहीला व्याज खात्यात जमा व्हावं अशा बोलीवर. शेडच्या विक्रीवरचा भांडवली नफ्याचा कर त्याच वर्षात भरून झाला होता, त्यामुळे तो विषय इथे येत नाही. खात्याचे व्यवहार मुलाच्या वतीने काकू बघतात. बँकेत नोंदवलेला मोबाइलही त्यांचाच. पुढे या मोबाइलने आम्हाला बरंच पळवलं.

काकूंची तुलना स्वतःच्या ठेवीशी होती. त्यांच्या ठेवीवर बँक दहा टक्के कापते, आणि आपल्याला कर लागत नाही असं सांगणारा पंधरा-एच फॉर्म भरून दिला तर तेही नाही. मग पोराच्या पैशाला तिप्पट का? कारण कायद्याच्या नजरेत पोरगा अनिवासी आहे. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यात अनिवासीच्या एनआरओ व्याजावर कलम १९५ लागायचं. निवासींना त्या वर्षी होती तशी चाळीस-पन्नास हजारांची सूट-मर्यादा तिथे नव्हती, पंधरा-जी-एच नव्हता. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. बँकेचं काही चुकलं नव्हतं.

पण भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. १९८९ मध्ये सह्या झाल्या आणि डिसेंबर १९९० पासून तो लागू आहे. त्याच्या अकराव्या अनुच्छेदाप्रमाणे अमेरिकेच्या रहिवाशाला भारतातून मिळणाऱ्या अशा व्याजावर भारताने जास्तीत जास्त १५ टक्के कर घ्यायचा. करारात १० टक्क्यांचाही एक दर आहे, पण तो बँका आणि वित्तसंस्था स्वतः कर्ज देतात त्यावरच्या व्याजासाठी. आपल्या माणसाला १५. या दरावर वेगळा उपकर चढत नाही. म्हणजे दर तिमाहीला ६५,५२० ऐवजी ३१,५०० कापले गेले असते. फरक ३४,०२० रुपयांचा.

हे ऐकल्यावर काकूंनी विचारलं, "मग बँकेला सांगायचं की, मुलगा अमेरिकेत असतो म्हणून. व्हिसाची झेरॉक्स आहे माझ्याकडे."

ती झेरॉक्स त्यांनी आधीच देऊन पाहिली होती. पासपोर्ट, व्हिसा, पगाराची स्लिप, घरभाड्याचा करार, सगळं. बँकेने ठेवून घेतलं आणि तरी पूर्ण दराने कापलं. बरोबरच केलं. करार 'राहणाऱ्या'साठी नाही, 'करनिवासी'साठी आहे, आणि तो करनिवासी आहे हे सांगण्याचा अधिकार फक्त त्या देशाच्या सरकारचा. आपल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ९०(४) म्हणून हे २०१२ मध्ये घालण्यात आलं : त्या देशाच्या सरकारकडून मिळालेला रहिवास दाखला नसेल तर करारातली सवलत मागता येणार नाही. पगाराची स्लिप कंपनी देते, व्हिसा देतं ते वेगळं खातं. कर गोळा करणाऱ्या खात्याचाच कागद हवा. बँक एवढी कडक का, तेही सांगतो. कागद अपुरा असताना तिने पंधराच टक्के कापले आणि उद्या खात्याने ते अमान्य केलं, तर उरलेला कर व्याजासकट बँकेच्याच अंगावर येतो. काउंटरवरच्या माणसाला ती जोखीम घ्यायचं काही कारण नाही.

'2024-25' या एका ओळीची गोष्ट

अमेरिकेत हा दाखला म्हणजे फॉर्म ६१६६. नावाला फॉर्म, प्रत्यक्षात तिथल्या कोषागार खात्याच्या लेटरहेडवर छापलेलं एक पानी पत्र : अमुक नावाची, अमुक कर-क्रमांकाची व्यक्ती अमुक वर्षासाठी अमेरिकेच्या करापुरती तिथली रहिवासी आहे, आमच्या माहितीप्रमाणे. ते मागण्यासाठी जो अर्ज भरायचा तो फॉर्म ८८०२. तो तिथल्या करखात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, फिलाडेल्फियाच्या कार्यालयात जातो. व्यक्तीला ८५ डॉलर शुल्क, आणि हे शुल्क अर्जामागे आहे. एका अर्जात दोन वर्षं मागा की तीन प्रती मागा, व्यक्तीला ८५ च. पैसे Pay.gov वर भरून त्याचा पुष्टी क्रमांक अर्जावर लिहायचा.

मुलाशी बोलणं संध्याकाळी साडेसहाला ठरलं, तेव्हा त्याच्याकडे सकाळचे आठ. मी काय काय हवंय ते सांगितलं, आणि तो म्हणाला, "काका, फॉर्म मी स्वतःच भरतो, सोपा दिसतोय." दिसायला तो सोपाच आहे. ८ जुलैला त्याने अर्ज पाठवला आणि मला प्रत मेल केली, पण पाठवून झाल्यावर. सातव्या ओळीत, कोणत्या वर्षासाठी दाखला हवा, तिथे त्याने लिहिलं होतं `2024-25`.

चूक त्याची एकट्याची नव्हती. बँकेने त्याला पाठवलेल्या मेलमध्ये 'आर्थिक वर्ष २०२४-२५ साठीचा रहिवास दाखला द्यावा' असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याने बँकेला जे हवं तेच मागितलं. पण आयआरएसला एप्रिल ते मार्च हे वर्ष ठाऊकच नाही. तिथे व्यक्तीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि दाखलाही त्याच वर्षाचा मिळतो. आपलं एक आर्थिक वर्ष त्यांच्या दोन वर्षांवर पाय टाकून उभं असतं : एप्रिल ते डिसेंबर २०२४ साठी २०२४ चा दाखला, आणि जानेवारी ते मार्च २०२५ साठी २०२५ चा. एक कागद पुरतच नाही.

आता कुणी म्हणेल, मग सातव्या ओळीत दोन्ही वर्षं लिहून एकदाच ८५ डॉलरमध्ये काम उरकायचं. मागच्या वर्षांच्या बाबतीत हे चालतं. पुढच्या वर्षासाठी चालत नाही, कारण येणाऱ्या वर्षाचा अर्ज आदल्या वर्षाच्या १ डिसेंबरच्या आधी ते घेतच नाहीत. म्हणजे जुलै २०२४ मध्ये २०२५ चा दाखला मागणं शक्यच नव्हतं. दोन अर्ज आणि दोनदा शुल्क हे या प्रकरणात पहिल्या दिवसापासून अटळ होतं.

आठव्या ओळीत मात्र त्याने चूक केली नव्हती. ती ओळ विचारते, हा दाखला तुमच्या कोणत्या करविवरणपत्राच्या आधारावर द्यायचा. चालू वर्षाचं विवरणपत्र अजून भरायची वेळच आलेली नसते, म्हणून शेवटचं भरणं लागू असलेलं विवरणपत्र दाखवायचं. त्याने २०२३ चं विवरणपत्र मार्च २०२४ मध्ये भरलं होतं, म्हणून तिथे `202312` लिहायचं, वर्ष आणि महिना. विवरणपत्र नुकतंच भरलेलं असेल आणि त्यांच्या संगणकात चढलं नसेल तर त्याची सही केलेली प्रत सोबत लावावी, आणि ती फक्त प्रत आहे, पुन्हा प्रक्रिया करू नये, असं वर ठळक लिहावं. नाहीतर ते दुसऱ्यांदा भरलेलं विवरणपत्र समजलं जाण्याची भीती. ज्याने मुदतवाढ घेऊन विवरणपत्र लांबवलं आहे, त्याला मी आधी ते भरायला सांगतो. विवरणपत्र नाही तर दाखला कशाच्या जोरावर देणार?

दुसरी चूक त्याच्या नजरेतून साफ सुटली होती. दहाव्या ओळीत, खोटं लिहिल्यास शिक्षेस पात्र असल्याच्या जबाबदारीवर, एक विधान लिहावं लागतं. संपलेल्या वर्षासाठी मागत असाल तर ते सोपं आहे. चालू वर्षासाठी मागत असाल तर सांगावं लागतं, की मी अमेरिकेचा रहिवासी आहे आणि या चालू करवर्षात शेवटपर्यंत राहीन. नाव आणि कर-क्रमांक घालून. ती जागा त्याने रिकामी सोडली होती, कारण त्याला वाटलं खालची सही म्हणजेच ते विधान.

या विधानाचं वजन काय ते लक्षात घ्यायला हवं. ऑक्टोबरमध्ये कायमचं परत यायचं ज्याचं नक्की झालं आहे, त्याने जुलैमध्ये हे वाक्य लिहू नये. त्याने वर्षातला जितका काळ तिथला रहिवासी होता तेवढाच मागावा. आमच्या माणसाचा परतायचा विचार नव्हता. आणि व्हिसावरचा माणूस तिथल्या दिवसांच्या मोजणीवरून रहिवासी ठरतो, म्हणून चौथ्या ओळीत 'इतर रहिवासी परदेशी' या खुणेपुढे व्हिसाचा प्रकार लिहावा लागतो. ते त्याने नीट लिहिलं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आयआरएसचं पत्र त्याच्या घरी आलं : कोणतं कॅलेंडर वर्ष ते स्पष्ट करा, आणि दहाव्या ओळीतलं विधान द्या. अर्ज फेटाळला नव्हता, अडवला होता, आणि शुल्क पुन्हा भरायला नको होतं. त्याच रात्री आम्ही फोनवर बसून सातव्या ओळीत `2024` केलं, विधान लिहिलं, तारीख घातली, नवी सही केली. त्याने ते फॅक्सने पाठवलं. फॅक्स म्हटल्यावर तो हसला. तिशीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने आयुष्यात पहिल्यांदा फॅक्स केला असावा.

दाखला २० सप्टेंबरला त्याच्या पेटीत पडला. आयआरएस स्वतः गरजेच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करायला सांगतं. पहिल्याच वेळी अर्ज धड गेला असता तर महिनाभर आधी मिळाला असता असं मला वाटतं, पण त्याने पैशाचा फरक पडला नसता. ३० जूनची तिमाही काकू माझ्याकडे यायच्या आधीच गेली होती, आणि पुढची ३० सप्टेंबरला होती.

नावात बापाचं नाव

दाखल्याचा स्कॅन आला आणि मी आधी वर्ष पाहिलं, मग नाव. वर्ष २०२४, ठीक. नाव, पोराचं आणि आडनाव. पॅनवर मात्र आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पोराचं, वडिलांचं आणि आडनाव. तिथे गेल्यावर सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नाव गळालं होतं, आणि आयआरएस त्या कार्डाप्रमाणेच छापणार.

आपल्या लोकांच्या प्रकरणांत हे इतकं नेहमीचं आहे, की मी आता दाखला मागण्याआधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतो. बँकेतल्या बाईंनी तो फरक लगेच पकडला. "सर, हे दोघं एकच कशावरून?" प्रश्न रास्त. उत्तर पासपोर्टमध्ये होतं. आपल्या पासपोर्टवर पोराचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं, आणि त्याच पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा चिकटलेला. तिथला जन्मतारखेचा दुवा आणि मुलाचं एका ओळीचं प्रतिज्ञापत्र, की दोन्ही नावं माझीच, यावर त्यांनी समाधान मानलं.

त्यांनी दाखल्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का, म्हणजे अपॉस्टिल, हवा असंही आधी म्हटलं. कायद्यात तसं कुठे नाही. कलमात 'त्या देशाच्या सरकारकडून मिळालेला दाखला' एवढंच आहे. मी वाद घातला नाही. कलम ९०(४) चा मजकूर छापून दिला, आणि मूळ कागद मुलगा दिवाळीत आला की दाखवू असं लिहून दिलं. त्यांच्या वरिष्ठांनी मान्य केलं. एखादी बँक नोटरीची प्रत मागते, तर एखादीला स्कॅन पुरतो. आधी विचारून घेतलेलं बरं, म्हणजे मूळ कागद कुरिअरने मागवायचा की नाही ते कळतं.

दाखल्याला जोडून लागणारे कागद

नुसता फॉर्म ६१६६ देऊन भागत नाही. आपल्या खात्याला दाखल्यात ज्या गोष्टी हव्या असतात, जसं राष्ट्रीयत्व, तिथला पत्ता, रहिवासाचा कालावधी, त्या सगळ्या प्रत्येक देशाच्या दाखल्यात असतातच असं नाही. म्हणून कलम ९०(५) आणि नियम २१एबी खाली फॉर्म १०-एफ भरायचा. त्यात उरलेली माहिती करदाता स्वतः देतो. जुलै २०२२ पासून हा फॉर्म कागदावर चालत नव्हता, प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरच भरावा लागायचा आणि दाखल्याची प्रत तिथेच जोडावी लागायची.

पोर्टल उघडलं आणि दिसलं की तिथल्या प्रोफाइलमध्ये मुलगा अजून 'निवासी' आहे. शिक्षण संपवून पहिली नोकरी पुण्यात लागली तेव्हाची नोंद. ती बदलल्याशिवाय फॉर्म १०-एफ भरला असता तर पोर्टलने कदाचित घेतलाही असता, पण एका ठिकाणी निवासी आणि दुसऱ्या ठिकाणी अमेरिकेचा रहिवासी, असा विसंगत माणूस खात्याच्या नोंदीत तयार झाला असता. आधी प्रोफाइल सुधारलं.

मग पडताळणीचा ओटीपी. तो येणार काकूंच्या मोबाइलवर, कारण पोर्टलवरही बँकेतलाच नंबर. मुलगा टेक्सासात सकाळी साडेदहाला लॅपटॉपपुढे, काकू जुळे सोलापुरात रात्री नऊला टीव्हीसमोर, आणि मी मधे फोनवर. पहिला ओटीपी काकूंनी मेसेजमधला ठेव क्रमांक समजून वाचला. दुसरा वाचेपर्यंत वेळ संपली. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "अहो, मी नुसतं एकेक आकडा बोलते, तुम्ही ऐका." तो लागला.

१०-एफमध्ये कालावधी काय लिहायचा, हा या फॉर्ममधला एकमेव अवघड रकाना. काही लोक आर्थिक वर्ष लिहून मोकळे होतात. मी दाखल्यात जेवढं सिद्ध होतं तेवढंच लिहितो : १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४. तिथे ३१ मार्च २०२५ लिहिलं असतं तर शेवटच्या तीन महिन्यांसाठी हातात दाखला नसताना विधान केल्यासारखं झालं असतं.

तिसरा कागद बँकेचा स्वतःचा, व्याजाचा खरा मालक मीच आहे आणि भारतात माझा कोणताही स्थायी व्यवसाय नाही असं सांगणारा. हे तिन्ही २६ सप्टेंबरला बँकेत पोचले. ३० तारखेला जमा झालेल्या व्याजातून ३१,५०० कापले गेले. काकूंनी पासबुक छापून आणून दाखवलं, बोलल्या काही नाहीत, फक्त नोंदीवर बोट ठेवलं, जुलैसारखंच.

जूनच्या तिमाहीचे जास्तीचे ३४,०२० बँकेने परत केले का? नाही, आणि ते करणारही नव्हती. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा होतो आणि बँकेच्या तिमाही विवरणात चढतो. दाखला उशिरा आला तर मागची तिमाही विवरणपत्रातून परतावा मागूनच मिळवायची. बँकेशी भांडण्यात अर्थ नसतो.

डिसेंबरची आठवण

डिसेंबर २०२४ ची तिमाही १५ टक्क्यांनी गेली, अडचण नव्हती. पण मी माझ्या वहीत १ डिसेंबरपुढे लाल खूण करून ठेवली होती. ३ डिसेंबरला मुलाने दुसरा अर्ज पाठवला : सातव्या ओळीत `2025`, आठव्या ओळीत पुन्हा `202312`, कारण २०२४ चं विवरणपत्र भरायला अजून वर्षच संपलं नव्हतं. दहाव्या ओळीत २०२५ साठीचं विधान. पुन्हा ८५ डॉलर.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत काकू रोज मुलाला विचारायच्या, आलं का. तो कंटाळून मला फोन करायचा. मध्ये त्याने घर बदललं होतं, म्हणून जरा धाकधूक होती. पण अर्जातला पत्र पाठवायचा पत्ता त्याने नव्या घराचाच दिला होता, आणि १४ फेब्रुवारीला दाखला आला. २०२५ साठी १०-एफ पुन्हा नव्याने, बँकेचं घोषणापत्र पुन्हा नव्याने. ३१ मार्च २०२५ ची कपात १५ टक्क्यांनी झाली. हा दुसरा अर्ज विसरलो असतो, तर मार्चला बँकेने आपोआप ३१.२ वर उडी मारली असती, आणि बँकेचं त्यातही काही चुकलं नसतं.

आणि मग विवरणपत्र

वर्षाचं व्याज ८,४०,०००. कापलेला कर पहिल्या तिमाहीचे ६५,५२० आणि पुढच्या तीनचे ९४,५००, मिळून १,६०,०२०. ऑगस्ट २०२५ मध्ये विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा मुलगा म्हणाला, "म्हणजे पंधरा टक्क्यांनी १,२६,००० कर, ३४ हजार परत."

नाही. कलम ९०(२) सांगतं, करार किंवा आपला कायदा, जे करदात्याच्या फायद्याचं ते घ्या. मुलाचं भारतात दुसरं उत्पन्न नाही. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३ लाखांपर्यंत शून्य, ३ ते ७ वर ५ टक्के, ७ ते १० वर १० टक्के. म्हणजे २०,००० अधिक १४,०००, आणि उपकर धरून एकूण ३५,३६०. करमुक्त करणारी कलम ८७ए ची सूट अनिवासीला नाही, तरीही कर पस्तीस हजारांवर थांबला. परतावा १,२४,६६० रुपये.

इथे मुलाने विचारलं, आणि त्याच्या जागी मीही विचारलं असतं : मग दाखल्याचा उपयोग काय? शेवटी तर करार वापरलाच नाही.

उपयोग एवढाच की दाखला नसता तर २,६२,०८० कापले गेले असते, आणि २,२६,७२० परताव्यात अडकले असते. दाखल्यामुळे तीन तिमाह्यांचे मिळून १,०२,०६० रुपये वेळच्या वेळी काकूंच्या हाती आले. खर्च १७० डॉलर आणि माझी फी. परताव्यावर खातं महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, तेही पुन्हा करपात्र. ठेवीवर ७ टक्के मिळत असताना एवढ्या फरकासाठी दरवर्षी अर्ज करायचे का, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. माझं मत असं, की ज्या घरात या व्याजावर खर्च चालतो, तिथे करावे. काकूंचा घरखर्च याच पैशांतून चालतो. नुसतं पुनर्गुंतवणुकीसाठी पडून असेल तर परताव्याची वाट बघितली तरी आभाळ कोसळत नाही.

व्याज मोठं असेल तर मात्र गणित उलटतं. त्या वर्षाच्या टप्प्यांप्रमाणे भारतातलं फक्त व्याजाचं उत्पन्न साधारण २० लाखांच्या पुढे गेलं की टप्प्यांचा कर करारातल्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त होतो. तिथून पुढे दाखला टीडीएसपुरता न राहता खरोखर कर कमी करतो, आणि विवरणपत्रातही करारच वापरावा लागतो. उलट, याच्यापेक्षाही कमी दराने कापून हवं असेल तर १९६१ च्या कायद्याच्या कलम १९७ खाली आपल्या खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र घेता यायचं. काकूंच्या प्रकरणात पुढच्या वर्षी तो मार्ग बघायचं ठरलं, कारण त्यांच्या मुलाचा खरा कर साडेचार टक्क्यांच्या आत आहे.

मुलाची एक समजूत राहून गेली होती, ती त्याच्या तिथल्या करसल्लागाराने मोडली. त्याला वाटत होतं, जास्तीचे कापलेले राहू देत भारतात, अमेरिकेतल्या करातून तेवढी वजावट मिळेलच. मिळत नाही. अमेरिका परदेशी कराचं श्रेय देते ते खरोखर देय असलेल्या करापुरतं. जे परत मागता येतं ते कर धरलं जात नाही. म्हणजे भारतात परतावा न मागता सोडलेले पैसे दोन्हीकडून बुडाले असते. तिथे ८,४०,००० वरचं श्रेय ३५,३६० च्या हिशोबातच, आणि तेही त्यांच्या कॅलेंडर वर्षाप्रमाणे विभागून. एनआरओ खातं तिथल्या परदेशी खात्यांच्या घोषणेत दाखवायचं का, हे त्याने मला विचारलं. दहा हजार डॉलरच्या वर आहे, दाखवायचं. दाखल्याच्या अर्जाने ते उघडं पडेल अशी त्याला आधी भीती होती, पण उघड करायला लपवलेलं काहीच नव्हतं.

परतावा नोव्हेंबरमध्ये एनआरओ खात्यात आला. काकूंचा फोन त्याच दिवशी. पैशांचं नंतर, आधी त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षाचा तो कागद मागायचा कधी म्हणालात? एक डिसेंबरला ना?"

हो. आणि सातव्या ओळीत फक्त `2026`.